मामांचा एमआरआय आणि ‘भारतीय मेंदू’

२०१९ च्या दिवाळीच्या सुमारास देशभरातील वृत्तपत्रांत एक बातमी झळकली होती. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी भारतीय मेंदूचा प्रमाण नकाशा तयार केला होता, आणि मथळा मात्र होता ‘भारतीयांचा मेंदू आकाराने लहान’. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ती बातमी आली तेव्हा कोणीतरी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली, कोणीतरी ‘म्हणूनच आपली ही अवस्था’ असा शेरा मारला आणि विषय फराळाकडे वळला. रात्री मामांचा फोन आला. मामा निवृत्त शिक्षक, वय चौसष्ट. नावे आठवेनाशी झाली म्हणून महिन्यापूर्वीच त्यांचा एमआरआय झाला होता आणि रिपोर्टमध्ये ‘माइल्ड सेरेब्रल अ‍ॅट्रफी’, म्हणजे मेंदूचे किंचित आकुंचन, असे तीन शब्द होते.

“अगं, मला एकच सांग,” ते म्हणाले. “माझा मेंदू आक्रसलाय, की तो मुळातच लहान होता?”

मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली आणि नंतर एमआरआयच्या प्रतिमांच्या गणिताकडे वळले, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न ऐकून मी अवाक् झाले, कारण ज्या शोधनिबंधाचा मथळ्याने विचका केला होता, त्याच्या मुळाशी नेमका हाच प्रश्न होता. “उद्या सांगते,” म्हणाले आणि निबंध उघडला.

निबंध वाचताना मी सारांश आधी वाचत नाही. सारांश म्हणजे लग्नाच्या बोलणीतला परिचय. त्यात खोटे नसते, पण सगळे असतेच असे नाही. मी थेट पद्धतीच्या भागाकडे जाते आणि स्कॅनरमध्ये कोण झोपले होते ते पाहते. येथे झोपले होते शंभर निरोगी भारतीय, पन्नास स्त्रिया आणि पन्नास पुरुष, वय २१ ते ३०. मामांच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ हीच होती. शंभरांपैकी एकही जण चौसष्टचा नव्हता. निरोगी माणसाचा मेंदूही वयानुसार आकसतो, तेव्हा पंचविशीच्या मुलामुलींच्या सरासरीशी मामांची तुलना करणे म्हणजे त्यांच्या गुडघ्यांची तुलना कबड्डीच्या संघाशी करणे.

दुसरे, संशोधकांना काय हवे होते? जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या प्रमाण नकाशावर मेंदूच्या प्रतिमा बसवल्या जातात, तो मॉन्ट्रिऑलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये १५२ तरुणांच्या स्कॅनची सरासरी काढून बनवलेला आहे. (त्याआधी अनेक वर्षे जो नकाशा प्रमाण मानला जाई, तो फ्रान्समधील एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या एकाच मेंदूवरून काढलेला होता. त्या मानाने १५२ ही चैनच म्हणायची.) संगणक प्रत्येक नवा मेंदू ताणून, दाबून या नकाशावर बसवतो आणि मग अमुक भाग कुठून कुठपर्यंत आहे हे ठरवतो. नकाशा ज्या लोकसमूहाचा, त्यापेक्षा वेगळ्या ठेवणीचे डोके समोर आले की हे बसवणे चुकते, आणि निरोगी मेंदूही आक्रसल्यासारखा भासू शकतो. म्हणून भारतीय नकाशा हवा होता. लांबी, रुंदी आणि आकारमानाच्या सरासरीत फरक आढळला, हे त्या कामाचे समर्थन होते; भारतीयांविषयीचा निवाडा नव्हता.

आता शंभर ही संख्या. ती थोडी की पुष्कळ, याला प्रश्नावाचून उत्तर नाही. एका वयोगटासाठी कामचलाऊ नकाशा काढायला शंभर स्कॅन ही चांगली सुरुवात आहे. पण ‘भारतीय’ म्हटल्यावर लडाखपासून कन्याकुमारीपर्यंतची उंची, आहार, बालपणीचे पोषण हे सारे आले, आणि तेवढे विधान पेलायला शंभर स्वयंसेवक अपुरे आहेत. शिवाय तुलनेला दुसऱ्या बाजूला कोण आहे हेही पाहावे लागते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला चिनी मेंदूचा एक नकाशा ५६ जणांच्या स्कॅनवरून बनवलेला आहे, आणि ते सर्व ५६ पुरुष आहेत. पुरुषांचा मेंदू सरासरीने स्त्रियांच्या मेंदूपेक्षा दहाएक टक्क्यांनी मोठा असतो. देहाच्या आकाराशी त्याचा बराच संबंध आहे. समजा, दोन देशांत पुरुषांची सरासरी १०० आणि स्त्रियांची ९० अशी अगदी सारखी आहे. एका देशाने केवळ पुरुष घेतले तर सरासरी १०० येईल. दुसऱ्याने निम्म्या स्त्रिया घेतल्या तर ९५. पाच टक्क्यांचा फरक दिसेल आणि तो देशांमधला मुळीच नसेल. असा फरक मथळ्यात गेला की पुन्हा बाहेर निघत नाही.

दुसऱ्या दिवशी हे सारे मामांना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “ते ठीक. पण आपल्या संजूने लिहिलंय, लहान मेंदू म्हणजे कमी बुद्धी. ते तरी खरं का?”

हा सहसंबंधाचा प्रश्न. मेंदूचे आकारमान आणि बुद्धिमत्ता-चाचणीतील गुण यांच्यात संबंध आहे, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. २०१५ मध्ये आठ हजारांहून अधिक माणसांवरील अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा सहसंबंध ०.२४ निघाला. या आकड्याचा वर्ग केला की सुमारे सहा शतांश येतो. म्हणजे माणसामाणसांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला सहा टक्के भाग आकारमानाशी जुळतो आणि चौऱ्याण्णव टक्के जुळत नाही. आलेखावर टिंबे टाकली तर रेघ दिसायच्या आधी ढगच दिसतो. मोठ्या मेंदूचे कमी गुणांचे आणि लहान मेंदूचे अधिक गुणांचे लोक त्यात विपुल असतात. आणि एका समूहाच्या आतला सहसंबंध दोन समूहांच्या तुलनेला लावता येत नाही, याचा पुरावा मी वर दिलाच आहे: स्त्रियांचा मेंदू सरासरीने दहा टक्के लहान आहे, पण बुद्ध्यंकाच्या सरासरीत त्याच्या जोडीचा फरक आढळत नाही. हे ऐकून पलीकडून मामी हसल्याचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता, हे मला तेव्हा कळले.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली होती: छापून आलेले सहसंबंध न छापलेल्यांपेक्षा मोठे होते. यात लबाडीच असावी लागते असे नाही. लहान नमुना स्वतःच हे घडवतो. मला हे उमगायला वेळ लागला, कारण भौतिकशास्त्रात आम्ही लहान नमुन्याला केवळ ‘गोंगाट जास्त’ असे समजतो; खरा संकेत त्यात बुडेल, एवढीच भीती. येथे उलटे होते. पंचवीस माणसांच्या अभ्यासात सहसंबंधाचा आकडा केवळ योगायोगाने ०.२ इतका इकडेतिकडे हलतो. म्हणून ‘लक्षणीय’ ठरण्यासाठी तो साधारण ०.४ च्या पलीकडे जावा लागतो. आता खरा सहसंबंध ०.१६ आहे असे धरा. अशा आठ-नऊ अभ्यासांपैकी एखाद्यातच तो योगायोगाच्या मदतीने ०.४ ओलांडेल, तोच छापला जाईल, आणि छापला जाताना खऱ्याच्या अडीचपट फुगलेला असेल. उरलेले सात-आठ खणात पडतील. वाचकाच्या हाती फक्त फुगलेला आकडा येतो.

०.१६ हा आकडा मी उगाच निवडलेला नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये सुमारे पन्नास हजार माणसांच्या स्कॅनवर आधारलेला एक निबंध आला. मेंदूची वैशिष्ट्ये आणि वर्तन किंवा मानसिक आरोग्य यांतील जे सहसंबंध दुसऱ्या नमुन्यातही टिकले, त्यांतला सर्वांत मोठा एवढाच होता. आणि अशा अभ्यासांतील प्रचलित नमुनासंख्या होती सुमारे पंचवीस. तेव्हापासून पंचवीस-तीस माणसांत ०.६ चा सहसंबंध ‘सापडला’ असे वाचले की मला आनंद न होता संशय येतो. अर्थात बोट हलवल्यावर मेंदूचा कुठला पट्टा जागा होतो हे एका माणसातही दिसते. हा निर्बंध माणसामाणसांतील फरकांची तुलना करणाऱ्या अभ्यासांना आहे.

एकदा मी स्वतःची परीक्षा घेतली. संगणकाकडून पंचवीस काल्पनिक माणसे घेतली, प्रत्येकाला मेंदूच्या शंभर भागांची यादृच्छिक मापे दिली आणि दिवसाला किती कप चहा पितात याचा एक यादृच्छिक आकडा. नियमाने पाचेक भाग ‘लक्षणीय’ निघायला हवेत. मला सात मिळाले, आणि सर्वांत मोठा सहसंबंध ०.५३. तो भाग योगायोगाने कपाळामागचा निघाला, जिथे निर्णय, संयम, नियोजन वगैरे सारे राहते असे म्हणतात. चहा आणि संयम यांच्यावर दोन परिच्छेद लिहायला मला पंधरा मिनिटे लागली, आणि खरे सांगायचे तर ते वाचनीय झाले होते. म्हणून आता निबंधात मी आकड्याआधी हे शोधते, की हा भाग मोजण्यापूर्वी निवडला होता की मोजल्यानंतर, आणि एकूण किती भाग तपासले होते. ते लिहिलेले नसेल, तर चर्चेतील परिच्छेद कितीही सुरेख असला तरी मी तो चहाच्या कपाशेजारी ठेवते.

मामांचा पहिला प्रश्न अजून बाकी होता. शंभर अनोळखी तरुणांचे मेंदू त्याला उत्तर देऊ शकत नव्हते, मॉन्ट्रिऑलचे १५२ ही नाही. ‘आक्रसला का’ या शब्दांतच काळ आहे, आणि म्हणून मापे एकाच माणसाची, दोन वेळची हवीत. मी विचारले, “पूर्वी कधी स्कॅन झालं होतं का?” मामांना आठवेना. मामींना आठवले: २०१३ मध्ये चक्कर येत होती तेव्हा काढला होता, फिल्म गोदरेजच्या कपाटात, लग्नाच्या शालूखाली.

त्या आठवड्यात दोन्ही पाकिटे घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म प्रकाशपेटीवर शेजारीशेजारी लावल्या आणि बराच वेळ पाहिल्या. मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या सहा वर्षांपूर्वीही जवळजवळ तेवढ्याच होत्या. विसरण्याचे कारण वेगळे शोधू, असे म्हणून त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. बी-१२ बरेच कमी निघाले.

मामांनी ते ग्रुपवर लिहिले. त्यावर कोणी काही बोलले नाही. संजूने अंगठा दाखवला.