नंबर लावला, पण गेलोच नाही

मंडळी, आज आधी माझीच चूक सांगतो. गेल्या महिन्यात दाढ ठणकत होती म्हणून पोहरादेवीहून तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात गेलो. पहिल्या सिटिंगला डॉक्टरांनी नस काढली, कच्चं सिमेंट भरलं आणि पुढच्या बुधवारी ११ वाजता बोलावलं. बुधवारी दाढ अजिबात दुखत नव्हती. इकडे एक बातमी होती, मी गेलो नाही आणि फोनही केला नाही.

दहा दिवसांनी तोंड घेऊन गेलो तर डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी अपॉइंटमेंटची वही पुढे सरकवली. "पत्रकार साहेब, हे बघा." त्या आठवड्यात १८ जणांना वेळ दिली होती, ६ आले नव्हते. रूट कॅनालला पाऊण ते एक तास राखून ठेवावा लागतो. माणूस आला नाही की खुर्ची रिकामी, आणि बाहेर दाढ धरून बसलेल्याला मात्र "आज नंबर नाही" असं सांगून झालेलं असतं.

बातमीदाराची खोड, मी त्यांच्या परवानगीने त्या वहीतले पाच फोन तिथेच बसून लावले (सहावा मीच). तिघे म्हणाले, दुखणं थांबलं म्हणून नाही आलो. म्हणजे माझंच उत्तर. खरी मेख इथेच आहे. नस काढली की ठणका जातो, पण काम अर्धंच झालेलं असतं. कच्चं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, फटीतून जंतू आत जातात, मग पू होतो आणि कधीकधी दाढच काढावी लागते. चौथा फोन एका तांड्यावरच्या आजीबाईंचा होता, उचलला पुण्यातल्या मुलाने. "मोबाईल माह्याजवळ राह्यते, मायले काय मालूम?" पाचव्याची गाडी चुकली होती.

या कारणांवर एकच औषध चालत नाही. आठवण पाठवायची तर कोणाच्या फोनवर, हे आधी पाहावं लागतं. आता तिथे नंबर लिहिताना विचारतात, "हा फोन घरात कोणाजवळ असतो?" आजीबाईंसारख्यांसाठी शेजारच्याचा नंबर घेतात आणि आदल्या संध्याकाळी फोनच करतात. दवाखान्यातली मदतनीस गोरबोलीत बोलते, त्यामुळे निरोप नीट पोचतो. बाकीच्यांना व्हॉट्सअॅप जातं. मजकूर आम्ही दोघांनी बसून लिहिला: "उद्या बुधवार, सकाळी ११ वाजता तुमच्यासाठी एक तास राखून ठेवला आहे. दुखणं थांबलं असलं तरी दाढेचं काम अर्धं आहे. येणार असाल तर १ पाठवा, जमत नसेल तर २ पाठवा, दुसरी वेळ देऊ."

मजकुरात काय लिहिलंय याने फरक पडतो, हे लंडनमध्ये मोजून पाहिलंय. तिथल्या सरकारी रुग्णालयांत साध्या आठवणीच्या संदेशानंतर १०० पैकी साधारण ११ जण गैरहजर राहत. तुम्ही आला नाहीत तर सरकारी आरोग्यसेवेला सुमारे १६० पौंड खर्च पडतो, असं संदेशात घातल्यावर ते ८ च्या आसपास आले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पौंडापेक्षा "तुमच्या जागी दुसरा दुखणाईत बसला असता" हे जास्त लागतं, असं माझं मत.

डिपॉझिटवर आमचा वाद झाला. डॉक्टर सरसकट २०० रुपये घ्यायचं म्हणत होते. मी म्हटलं, रोजंदारीवाला माणूस २०० रुपये भरण्यापेक्षा दाढ दुखत ठेवील. शेवटी ठरलं ते असं: पहिल्या वेळेला काही नाही, दुखत आलेल्याकडून तर कधीच नाही. न कळवता एकदा चुकलेल्याकडून मात्र पुढच्या सिटिंगचे २०० घ्यायचे. ते बिलात वळते होतात. आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत कळवलं तर परत मिळतात. गाडी चुकली, घरात मयत झाली, तर पैसे जप्त नाहीत. याची पाटी काउंटरवर लावली, नाहीतर "माझेच का घेतले?" हे भांडण ठरलेलं.

वेळ देण्याचीही रीत बदलली. आठ दिवसांपुढची तारीख शक्यतो देत नाहीत, कारण लांबची तारीख माणूस विसरतो. बाहेरगावच्याला आधी विचारतात, गाडी किती वाजता पोचते, मग त्यानंतरची वेळ. रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीच्या बाजूच्या माणसाला तारीखच नाही, त्या गर्दीत निघणार कसा? एकाच वेळेला दोघांना बोलावण्याचा उपाय डॉक्टरांनी पूर्वी करून पाहिला होता. दोघेही आले की एक ताटकळतो आणि पुढच्या वेळी तासभर उशिरा येतो. त्यापेक्षा दुपारी ३ नंतरचे दोन तास मोकळे ठेवलेत, येईल त्याचा नंबर. सकाळी कोणी २ पाठवला तर दुखणाऱ्याला फोन करून ती वेळ देतात.

वहीत आता तीन खुणा असतात: आला, कळवून नाही आला, न कळवता नाही आला. दुसरी खूण वाढली तरी डॉक्टरांना चालते, कारण ती जागा भरता येते. तिसरी किती उरते ते पाहायला मी दोन महिन्यांनी परत जाणार आहे. माझ्या नावापुढे तिसरी खूण आहे, म्हणून २०० रुपये भरून आलोय. सोमवार, सकाळी साडेदहा.