चार गाईंचं गणित

आमच्या माहेरी, संगमनेर तालुक्यात, दोन एकर बागायत आहे. धाकट्या भावाने यंदा चार संकरित गाई घ्यायचं ठरवलं आणि बहीण-मेव्हण्यांकडे निम्मं भांडवल मागितलं. बेडोकच्या आमच्या घरातून तीन लाख रुपये पाठवायचे म्हणजे मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावायचा. लग्नाआधी मी सातवीला गणित शिकवत असे. त्यामुळे हे म्हणाले, "तूच बघ हिशेब."

भावाचा हिशेब एका ओळीचा होता. गाय रोज वीस लिटर देते, दर ३३ रुपये धरला तर ६६० रुपये. खर्च ४१० : दहा किलो खुराक ३०० चा, हिरवा आणि सुका चारा १०० चा, क्षार मिश्रण १० चं. म्हणजे गाईमागे रोज अडीचशे शिल्लक, चार गाईंचे हजार!

यातला एकही आकडा खोटा नाही, पण तो विल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातला आहे. गाय वीस लिटरला पोचते ती तेव्हाच, आणि पुढे दूध हळूहळू उतरत जातं. गोठेवाल्यांचा एक ठोकताळा आहे : सर्वांत जास्त दिवसाचं दूध गुणिले दोनशे, हे एका वेताचं दूध. म्हणजे चार हजार लिटर. त्यातलं दोनशे लिटर वासरू पितं. उरलेलं ३८०० लिटर किती दिवसांत वाटायचं? एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत साधारण ४०० दिवस जातात, त्यातले शेवटचे साठ भाकड. म्हणजे रोजचं सरासरी दूध साडेनऊ लिटर आणि उत्पन्न सुमारे ३१३ रुपये.

खुराकाचंही तसंच. अंगासाठी रोज दोन किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो धरला, तर ४०० दिवसांचा २४०० किलो होतो, म्हणजे रोजचे १८० रुपये. चारा आणि क्षारांचे ११० मिळवले की २९०. शिल्लक अडीचशे नाही, तेवीस! डॉक्टर, वीज आणि भावाची स्वतःची मेहनत अजून धरलेलीच नाही.

मरतुकीची ओळ तर वहीत नव्हतीच. मी वीस गाईंमागे वर्षाला एक दगावेल असं धरलं. ऐंशी हजारांच्या गाईमागे हे वर्षाला चार हजार, म्हणजे रोजचे अकरा रुपये झाले. वासरांचा धोका याहून मोठा, आणि तो पहिल्याच दिवशी ठरतो. आपल्याकडे वार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. वार पडायला आठ-दहा तास लागू शकतात, आणि चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषून घ्यायची वासराच्या आतड्याची ताकद तासागणिक कमी होत एका दिवसात संपते. तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी तीन लिटर चीक हवा, आणि त्याची सुरुवात तासा-दोन तासांतच व्हायला हवी. खरवसाचा विचार त्यानंतर.

मग हा धंदा करूच नये का? तसं नाही. शिल्लक कुठून वाढते ते पाहायचं. मका आणि नेपियर घरच्या रानात केला आणि पावसाळी मक्याचा मुरघास घातला, तर चारा निम्म्या खर्चात पडू शकतो. चारा आणि क्षारांचे ११० आहेत, त्यातले पन्नासेक इथेच वाचतात. दुसरी जागा म्हणजे माज. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते. एक माज नजरेतून सुटला की वेत तेवढं लांबतं. भाकड गाईचं खाणं रोज १७० रुपयांचं, म्हणजे साडेतीन हजार गेले. म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धा तास गोठ्यात नुसतं पाहत उभं राहायचं. दुसरी गाय अंगावर चढली तरी जी शांत उभी राहते, ती माजावर. सकाळी दिसली तर संध्याकाळी रेतन. तारीख दाराला टांगलेल्या कॅलेंडरवर लिहायची आणि तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण तपासून घ्यायची.

राहिला रोकडीचा प्रश्न. डेअरीचं बिल दहा दिवसांनी येतं, खुराक मात्र रोज लागतो. चारही गाई एकदम ताज्या घेतल्या तर दहा दिवसांच्या खाण्यालाच सोळा हजार हाताशी हवेत. वर चौघीही एकाच सुमारास आटतात, तेव्हा बिल शून्य आणि पेंडवाल्याची उधारी सुरू. त्यात वळूबाजार नको, म्हणून गाई सहा महिन्यांच्या अंतराने दोन-दोन घ्यायच्या, म्हणजे कुणीतरी नेहमी दुधात राहते.

मी हा कागद फोटो काढून पाठवला. भाऊ दोन दिवस बोलला नाही. मग फोन आला, "ताई, आधी अर्धा एकर नेपियर लावतो. गाई दोनच घेतो."

आम्ही दीड लाख पाठवले. उरलेले दीड लाख पहिल्या दोन्ही गाई गाभण असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की जातील. ते त्यालाही मान्य आहे. सध्या तो रोज रात्री दूध आणि खुराक असे दोनच आकडे कळवतो, आणि मी ते वहीत उतरवते.