तीन दिवसांचा आठवडा, एक वर्षासाठी

ऑफिसकडे मी वर्षभरासाठी कमी तास मागितले होते. दोघा-तिघा मित्रांनी ते पत्र मागितलं, म्हणून त्यातला ऐवज इथेच लिहून टाकतो. मूळ पत्र अर्थातच इंग्रजीत. मॅनेजरला मराठीत अर्ज लिहिणारा आयटीवाला मी तरी अजून पाहिलेला नाही :)

आमचं गाव वेल्ह्याजवळ. फेब्रुवारीत वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आईला ते एकटीने उचलत नाहीत. बहीण भोरला दिलेली, ती आठवड्यातले तीन दिवस येऊन राहते म्हणाली. उरलेले चार माझे. शिवाय जूनपासून भाताची कामं. सोमवार ते बुधवार नोकरी, साठ टक्के पगार, १ जून ते ३१ मे, असं मागायचं ठरलं.

अडचण मी पत्रात चार ओळींत संपवली. मॅनेजर बाई चांगल्या आहेत, त्यांना वाईट वाटणारच होतं. पण त्यांना वर जाऊन उत्तर द्यायचं असतं ते कामाचं.

पहिला प्रश्न येणार होता, "मग गावाहून काम कर ना?" त्याचं उत्तर आधीच लिहिलं. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि रेंजसाठी घराबाहेर चढावर जावं लागतं. त्या चार दिवसांत मी फोनवरही नाही, असं स्पष्ट लिहिलं. अर्धवट हो म्हटलं असतं, तर पाच दिवसांचं काम तीन दिवसांच्या पगारात झालं असतं.

मग हिशोब. चाळीस तासांच्या आठवड्यात माझे दहा तास मीटिंगमध्ये जायचे, खरं काम तीस तास. चोवीस तासांचा आठवडा केला आणि मीटिंगा त्याच ठेवल्या, तर उरतात चौदा. म्हणजे पगार साठ टक्के आणि काम सत्तेचाळीस टक्के. यात कंपनीचा तोटा, आणि तो भरून काढायला शेवटी मीच रात्री बसणार. मीटिंगा सहा तासांवर आणल्या तरच अठरा तास उरतात, तीसचे बरोबर साठ टक्के. म्हणून कोणत्या मीटिंगा सोडणार आणि तिथे कोण बसेल, हे नावानिशी दिलं.

बदल्यात काय देणार? टीम लीडचं काम ज्युनिअर सहकाऱ्याकडे. त्या वर्षी बढतीसाठी माझं नाव नको. सोमवार ते बुधवार रात्रीचा ऑन-कॉल कायम माझा. आणि डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे, जेव्हा सगळे सुट्टीवर असतात, मी पूर्ण पाच दिवस. तोवर भात घरात आलेलं असतं. जुलैतली लावणी आणि कापणीचे दिवस मात्र बदलता येणार नाहीत, हेही लिहिलं.

बाईंची खरी अडचण वेगळीच होती. मी तीन दिवस आलो तरी टीमच्या यादीत माणूस एकच मोजला जातो, त्यामुळे वाचलेला चाळीस टक्के पगार त्यांच्या हाती येत नाही. म्हणून त्या पैशात दोन दिवसांचा कंत्राटी टेस्टर टीमला मिळावा, अशी मागणी मीच पत्रात घातली.

स्वतःसाठी तीन गोष्टी लेखी मागितल्या. वर्षानंतर पूर्ण वेळ परत. आई-वडिलांसकट मेडिकल विमा चालू. आणि मूळ पगार कागदावर तोच ठेवून उरलेले दोन दिवस बिनपगारी रजा. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात. मधेच नोकरी गेली असती, तर आधीच्या सगळ्या वर्षांचा हिशोब कमी पगारावर होण्याची भीती होती.

ब्रिटनमध्ये असा अर्ज करण्याचा कायदेशीर हक्क आहे. एप्रिल २०२४ पर्यंत तिथे बदलाचा कामावर काय परिणाम होईल आणि तो कसा निभावता येईल, हे अर्जातच सांगावं लागायचं. ती अट आता गेली. आपल्याकडे खाजगी ऑफिसात कमी तास मागायला असा कायदाच नाही, म्हणून ते सांगणं आपल्याला सुटत नाही.

आठवड्याने उत्तर आलं. सगळं मान्य, फक्त दिवस मंगळवार ते गुरुवार, कारण रिलीज गुरुवारी असतं. मी म्हणालो, बहिणीला विचारून सांगतो. तिने घरचं सगळं जुळवून दुसऱ्या दिवशी हो म्हटलं.

तीन महिन्यांनी आढावा घ्यायचा, हे पत्रातच होतं. ते कामी आलं. टाइमशीटमध्ये लागोपाठ दोन आठवडे २९ आणि ३१ तास निघाले. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, शुक्रवारचे प्रश्न गुरुवारी संध्याकाळी येऊन पडत होते. आकडा समोर ठेवल्यावर भांडण झालं नाही. प्रश्न बुधवारपर्यंत द्यायचे, एवढंच ठरलं.

मे संपला. वडील काठी घेऊन खळ्यापर्यंत जातात. मी पाच दिवसांवर परत आलोय. सोडलेल्या मीटिंगांपैकी दोनच परत सुरू झाल्या. बाकीच्यांची आठवण कुणालाच आली नाही!