‘अल’ काढला की किराया उरतो

शिंद्यांची राजधानी 1810 च्या सुमारास उज्जैनहून ग्वाल्हेरला हलली, पण त्यांच्यासोबत माळव्यात आलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी उज्जैन सोडले नाही. तिचे माहेर अशाच एका घरातले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि माळवी, त्यामुळे तिच्या मराठीत काही शब्द असे होते की ते शब्द बाहेरचे आहेत हे तिला कधी जाणवलेच नाही. घराला भाडे नसायचे, किराया असायचा. बुद्धिबळाला शतरंज म्हणत. नाव न घेता कुणाबद्दल बोलायचे असले की आजी ‘फलाणा’ म्हणायची.

लग्नानंतर ती पुण्याला आली आणि हे शब्द हळूहळू गळले. ‘किराया’ म्हटले की सासरी हसत, म्हणून ती भाडे म्हणू लागली. एवढ्यावर ही गोष्ट संपायची. पण मुलगी नोकरीनिमित्त माद्रिदला गेली, जावई तिकडचाच मिळाला, आणि पन्नाशी ओलांडल्यावर तिने स्पॅनिशची वही घातली. व्याहीविहिणींशी काही तरी बोलायला हवेच ना! पहिल्या काही आठवड्यांत शब्द टिकत नव्हते. आणि एके दिवशी मुलगी फोनवर म्हणाली, आमचे ‘आल्किलेर’ वाढले. आल्किलेर म्हणजे घरभाडे. हिने सवयीने शब्दकोश उघडला. माद्रिदच्या रॉयल अकादमीचा कोश dle.rae.es या पत्त्यावर फुकट पाहता येतो, आणि तिथे बहुतेक नोंदींच्या अगदी सुरुवातीलाच शब्दाचे मूळ दिलेले असते. आल्किलेरचे मूळ अरबी ‘अल-किरा’ निघाले. पुढचा ‘अल’ काढला की पुण्यात टाकून दिलेला किराया समोर.

इसवी सन 711 मध्ये अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि 1492 मध्ये ग्रानादा पडेपर्यंत तिथल्या कुठल्या ना कुठल्या भागात अरबी बोलली जात होती. साधित शब्द धरून स्पॅनिशमध्ये सुमारे 4,000 शब्द अरबी मुळाचे मानले जातात. ते बाजारात, शेतावर, बांधकामावर तोंडी शिकले गेले, आणि ऐकणाऱ्यांनी ‘अल’ हे अरबी उपपदसुद्धा शब्दाचाच भाग समजून उचलले. आपल्याकडे तेच शब्द फारसीच्या वाटेने आले. फारसीत असे उपपद नाही, म्हणून आपल्या वाट्याला नुसता शब्द आला. स्पॅनिश माणूस ‘एल आल्किलेर’ म्हणतो तेव्हा तो एकच उपपद दोन भाषांत दोनदा लावत असतो, आणि त्याला त्याचे काही वाटत नाही.

‘अल’ दर वेळी ओळखीच्या रूपात मात्र भेटत नाही. अरबीत स, श, द, त, न, र अशा वर्णांपुढे ‘अल’मधला ल उच्चारत नाहीत, पुढचा वर्णच दुप्पट होतो. म्हणून अल-दीवान हे ‘अद्दीवान’ होते आणि स्पॅनिशमध्ये त्याचे ‘आदुआना’ झाले. सुरुवातीचा नुसता ‘आ’ काढून पाहायचा, ही युक्ती कळल्यावर तिच्या वहीत भराभर ओळी वाढल्या. आताबाल म्हणजे नगारा, आत तबला. आताउद म्हणजे शवपेटी, आत मोहरमचा ताबूत. आन्यिल म्हणजे नीळ. इथे दुप्पट झालेल्या ‘न’चाच ‘न्य’ झाला.

या वहीत तिने रकाने पाडले होते: पूर्ण स्पॅनिश शब्द, ‘अल’ किंवा ‘आ’ काढल्यावर उरलेला तुकडा, मराठी शब्द, आणि शेवटी दोघांच्या अर्थात पडलेले अंतर. खरे काम हा शेवटचा रकाना करतो, असे तिचे ठाम मत झाले. आदुआना म्हणजे जकात कचेरी किंवा कस्टम्स. मुळात दीवान म्हणजे नोंदवही आणि ती ठेवणारी कचेरी. स्पेनमध्ये ती कचेरी बंदरावर जाऊन बसली, आपल्याकडे कचेरीतल्या माणसालाच दिवाण म्हणू लागले. ही वाट एकदा पाहिली की विमानतळावरची आदुआनाची पाटी विसरणे कठीण.

आल्बोंदिगा या शब्दावर तर तिने सगळ्या नातेवाइकांना हैराण केले. आल्बोंदिगा म्हणजे रश्श्यात सोडलेला खिम्याचा गोळा. मूळ अरबी ‘अल-बुंदुका’. बुंदुक म्हणजे हेझलनट हे कवचाचे गोल फळ, त्यावरून कोणतीही लहान गोळी. मग गोफणीतून, धनुष्यातून मारायच्या गोळीला तोच शब्द, आणि शेवटी गोळी उडवणाऱ्या हत्याराला: बंदूक. माद्रिदच्या विहीणबाई ज्याला जेवण म्हणतात ते आपल्याकडे शस्त्र होऊन आले. अर्थ जितका लांब गेला तितका शब्द पक्का बसतो, असा तिचा अनुभव. जे शब्द अर्थानेही तंतोतंत जुळतात ते ती ‘आलेच की’ म्हणून सोडून द्यायची आणि तेच नेमके ऐनवेळी आठवायचे नाहीत.

उच्चारांनी मात्र तिला बरेच दिवस दमवले. शतरंजचे स्पॅनिश रूप ‘आखेद्रेथ’ आहे. कानाला त्यात शतरंज कुठेच ऐकू येत नाही. पण जुन्या स्पॅनिशमध्ये या ‘ख’च्या जागी ‘श’ होता. सोळाव्या-सतराव्या शतकात तो घशात सरकला. 1283 मध्ये कास्तियचा राजा आल्फोन्सो दहावा याने खेळांवरचा सचित्र ग्रंथ पुरा करून घेतला, त्यानंतर, ‘ख’ येण्याआधी, हा शब्द ‘आशेद्रेझ’सारखा म्हटला जाई, आणि त्यातून अश्-शतरंज सहज ऐकू येतो. त्याच्याही मागे आपले चतुरंग उभे आहे. पटावरच्या उंटाला स्पॅनिशमध्ये ‘आल्फिल’ म्हणतात. फील म्हणजे हत्ती. पिलखाना म्हणजे हत्तींचा तबेला, हा शब्द पेशवाईच्या वाचकांना परका नाही. म्हणजे आपण ज्याला उंट म्हणतो तो तिकडे नावाने अजून हत्तीच आहे.

‘ख’चा ‘श’ करून पाहायची ही खोड लागल्यावर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे ‘खाराबे’ही उलगडले. ते ‘शराब’ आहे. अरबीत शराब म्हणजे कोणतेही पेय. सरबत हा शब्दही त्याच धातूचा. स्पेनमध्ये त्याचा औषधी पाक झाला, आपल्याकडे दारू.

याहून अवघड होता ‘आल्काल्दे’. म्हणजे महापौर. ‘अल’ काढून ‘काल्दे’ उरते आणि मराठीत तसे काहीच नाही. मूळ शब्द अल-कादी, त्यातला ‘द’ हा अरबीतला एक जड वर्ण आहे, जो जुन्या काळी जिभेच्या कडेने, ल मिसळल्यासारखा उच्चारत. स्पेनमधल्या लोकांनी तो ‘ल्द’ असा ऐकला. इराण्यांनी तोच ‘झ’ असा म्हटला. म्हणून तिकडे आल्काल्दे आणि इकडे काझी. न्यायाधीशाचा महापौर कसा झाला हे समजायला मध्ययुगीन गावाचा कारभार आठवावा लागतो: तंटा सोडवणारा आणि गाव चालवणारा माणूस बहुधा एकच असे.

मराठी बाजू तपासायला तिने माधव जूलियनांचा, म्हणजे माधवराव पटवर्धनांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश जवळ ठेवला. हे न केल्यास फसायला होते. ‘खाबोन’ म्हणजे साबण, ‘कामिसा’ म्हणजे शर्ट. ऐकताच साबण आणि कमीज आठवतात आणि हेही अरबीच असे वाटते. पण स्पॅनिशने हे दोन्ही लॅटिनमधूनच घेतले. अरबी साबून आणि कमीसही मुळात त्याच बाजूचे. सुरुवातीला ‘आल’ दिसले म्हणून अरबी समजावे तर ‘आल्मेन्द्रा’ म्हणजे बदाम आणि ‘आल्मुएर्सो’ म्हणजे दुपारचे जेवण हेही मुळात लॅटिन. साखरेचे आणखी वेगळे. स्पेनमध्ये ‘आथूकार’, मेक्सिकोत ‘आसूकार’. आत अरबी सुक्कर आहे, पण त्याच्या मागे फारसी शकर आणि तिच्या मागे आपली शर्करा. आल्कान्फोर आणि कापूर, नारांखा आणि नारिंग यांचेही तेच. इथे मराठीने काही घेतले नाही, शब्द इथूनच तिकडे गेला.

सावधही राहावे लागते. ‘फुलानो’ हा हुबेहूब आजीचा फलाणा, अर्थासकट. पण बाईबद्दल बोलताना त्याचे ‘फुलाना’ करू नये. त्या रूपाला वेश्या हा अर्थ चिकटला आहे. विहीणबाईंसमोर जायच्या आधी मुलीने ही सूचना दोनदा दिली होती. तसेच ‘तारिफा’. कुणी तारिफा सांगितली तर खूश होऊ नये, तो दरपत्रक दाखवतो आहे. मूळ अर्थ ‘माहिती देणे’. तिकडे दरांची माहिती उरली, इकडे गुणांची.

असाच प्रवास तिच्या गावाच्या नावानेही केला आहे. उज्जैनला माहेरी गेली की ती जयसिंहाच्या वेधशाळेत जाते. अठराव्या शतकातली ही वास्तू 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली. गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक. प्राचीन भारतीय ज्योतिषी रेखांश उज्जैनपासून मोजत. ही पद्धत अरबांनी घेतली आणि शहराचे नाव ‘उझैन’ असे लिहिले. अरबीत झ आणि र यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे. टिंब गळाले आणि उझैनचे ‘अरीन’ झाले. पृथ्वीच्या मधोमध, विषुववृत्तावर असलेले अरीन, ‘पृथ्वीचा घुमट’, अशी कल्पना रूढ झाली. लंका आणि उज्जैन एकाच रेखांशावर मानत, त्याची ही सरमिसळ. अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे बाराव्या शतकात तोलेदोत होऊ लागली, त्या काळात अरीन युरोपात पोचले. 1498 मध्ये तिसऱ्या सफरीवरून कोलंबसाने स्पेनच्या राजाराणीला लिहिलेल्या पत्रातही अरीनचा उल्लेख आहे.

या घुमटाला अरबीत ‘कुब्बा’ म्हणतात. अल-कुब्बा म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘आल्कोबा’: निजायची खोली. मराठीत याला जोड नाही, पण उज्जैनच्या मुलीला तिची गरजही पडली नाही.

या पद्धतीची हद्दही तिला नीट ठाऊक आहे. अरबीने स्पॅनिशला प्रामुख्याने नामे दिली: पिके, पेये, कचेऱ्या, कर, हुद्दे, घराचे भाग. रोजची क्रियापदे जवळजवळ सगळी लॅटिन आहेत, आणि ‘सेर’ व ‘एस्तार’ या दोन ‘असणे’ क्रियापदांतला फरक कोणताही फारसी कोश समजावून देत नाही. शिवाय या जोड्यांनी वाचलेला शब्द ओळखता येतो. बोलताना तो सुचावा यासाठी मराठी रकाना उघडा ठेवून स्पॅनिश झाकायचे आणि मोठ्याने म्हणायचे, हाच सराव कामाला आला. कुणाला करून पाहायचे असेल तर आल्किलेर, आदुआना आणि आल्काल्दे या तिघांपासून सुरुवात करावी, कारण अल, आ आणि ‘ल्द’ या तिन्ही किल्ल्या त्यातच मिळतात. क्रियापदे पाठच करावी लागतील.