‘नोटेड’च्या पुढचं एक वाक्य

‘बरं’ हा शब्द आमच्या रत्नागिरीत निदान पाच-सहा प्रकारे म्हणता येतो. लांबवून म्हटला की कौतुक, दोनदा म्हटला की घाई, खाली पाडून म्हटला की नाराजी, आणि वर चढवून म्हटला की ‘मग पुढे काय झालं?’ फोनवर या सगळ्या छटा ऐकू येतात. स्क्रीनवर आल्यावर मात्र त्या गळतात आणि उरतो नुसता शब्द. ‘ओके’ आणि ‘नोटेड’ यांची अवस्था त्याहून वाईट, कारण त्यांना आपल्या बोलण्यात मुळात सूर मिळालेलाच नाही. ‘नोटेड’ हा शब्द कोणी अंगणात बसून म्हणत नाही. तो फायलीवरच्या शेऱ्यासारखा येतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, गेली काही वर्षं घरून. दिवसभरात असे कितीतरी ‘नोटेड’ वाचतो आणि त्यातले बहुतेक मला टोचत नाहीत. म्हणून प्रश्न असा पडतो की तोच शब्द एके ठिकाणी निरुपद्रवी आणि दुसरीकडे थंडगार का वाटतो?

आमच्याच घरातलं एक उदाहरण घेऊ. काकांची पावसच्या बाजूला आंब्याची बाग आहे. पुण्यातला चुलतभाऊ तिथल्या लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन पेट्यांची नोंदणी करतो. एका मार्चमध्ये अवेळी पाऊस झाला आणि काकांनी त्याला मेसेज केला : ‘परवाच्या पावसाने बरीच फळं गेली. पहिल्या तोडीत दहाच पेट्या निघतील. बाकीच्यांना एप्रिलअखेर थांबायला सांगतोस की पैसे परत करू?’ काका मेसेज टाइप करायला वेळ घेतात, एवढं लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली असतील. उत्तर आलं : ‘Noted.’

संध्याकाळी काका मला म्हणाले, “हा रागावलाय काय रे?” तो मुळीच रागावला नव्हता. तो मीटिंगमध्ये होता, आणि ‘वाचलंय, बघतो’ एवढंच त्याला म्हणायचं होतं. रात्रीपर्यंत त्याने बहुतेक गिऱ्हाइकांना फोन करून थांबायला राजीही केलं. पण ते काकांना कुठे माहीत होतं? पोराला आपल्यापायी लोकांसमोर मान खाली घालावी लागली, असं धरून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पैसे त्याच्या खात्यात परत पाठवले आणि त्या दहा पेट्या वाशीच्या व्यापाऱ्याला कबूल करून टाकल्या. दोघंही एकमेकांच्या भल्यासाठी धावत होते आणि दोघांचंही काम बिघडलं.

त्या मेसेजमध्ये तीन गोष्टी होत्या : एक नुकसान, एक माहिती, एक प्रश्न. ‘नोटेड’ने त्यातल्या फक्त माहितीला उत्तर दिलं. नुकसानाबद्दल शब्द नाही आणि प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. अशी मोकळी जागा राहिली की वाचणारा ती स्वतःच्या भीतीने भरतो. काकांना वाटत होती तीच भीती त्या जागेत जाऊन बसली.

लहानपणी गोष्ट ऐकताना ‘हं’ म्हणत राहावं लागे. हुंकार थांबला की आजी म्हणायची, “झोपलास वाटतं.” तो ‘हं’सुद्धा एका अक्षराचाच, पण कधी थंड वाटला नाही, कारण तो मध्ये येतो आणि त्याचा अर्थ ‘पुढे सांग’ असा असतो. भरभर चाललेल्या गप्पांतला ‘ओके’ हा असाच हुंकार. तोच शब्द लांब मेसेजच्या शेवटी एकटा आला की त्याचा अर्थ उलटा होतो : ‘संपलं, आता पुरे.’

त्यावर पूर्णविराम आला तर दार आणखी घट्ट लागतं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये 126 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की ते मेसेजमध्ये कमी मनापासूनचं वाटत होतं. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर दाखवली तेव्हा हा फरक पडला नाही. म्हणजे खोट त्या टिंबात नाही. मेसेजमध्ये वाक्य संपल्याचं पाठवण्यावरूनच कळतं, म्हणून तिथे मुद्दाम दिलेलं टिंब काहीतरी सांगू पाहतंय असं वाटतं.

आमच्या धंद्यात या अडचणीला नियमातच जागा आहे. सर्व्हरला काम सांगितलं आणि ते झालं, तर उत्तर येतं `200 OK`. काम स्वीकारलं पण अजून झालेलं नाही, पुढे होईल की नाही याचीही खात्री नाही, तर येतं `202 Accepted`. या दुसऱ्या उत्तरासोबत काय पाठवावं हेही एचटीटीपीच्या नियमावलीत सांगितलंय : काम सध्या कुठवर आलं आहे, आणि पुढची स्थिती कुठे पाहता येईल. कारण नुसतं ‘स्वीकारलं’ ऐकलेल्या समोरच्याला थांबावं, पुन्हा विचारावं की दुसरी सोय बघावी हे ठरवता येत नाही. काकांनी दुसरी सोय बघितली.

आपल्या जुन्या पत्रांनाही हे कळत होतं. ‘पत्र पावले, मजकूर समजला’ हे त्या काळचं ‘नोटेड’च, पण ते पत्राच्या सुरुवातीला असे आणि मग एकेका मुद्द्याचं उत्तर येई. शेवटी ‘कळावे’ लिहिलं की त्याला जोडून ‘लोभ असावा’ येई. ‘कळावे’ने माहितीचा व्यवहार पुरा होई आणि ‘लोभ असावा’ने माणसाचा. मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर गावी पोचली की सही किंवा अंगठा असलेली पोच त्याच्याकडे परत जायची. तेवढ्यावरून पैसे मिळाले हे कळे. घरी सगळं बरं आहे हे कळायला मात्र वेगळं कार्ड लागायचं.

मग चुलतभावाने काय लिहायला हवं होतं? ‘वाचलं काका. फळं गेली, वाईट झालं. पैसे परत करू नका, कोण थांबतंय ते विचारून उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो.’ यात नुकसानाची दखल आहे, प्रश्नाचं उत्तर आहे आणि पुढचं काम वेळेसकट आहे. एवढंही टाइप करायला सवड नसेल तर ‘मीटिंगमध्ये आहे, रात्री फोन करतो’ पुरलं असतं, कारण थांबायचं की नाही हे त्यातून कळतं. ‘थँक्यू काका’ किंवा हात जोडलेली इमोजी मात्र पुरली नसती. त्याने सूर मऊ झाला असता, पैशांचा प्रश्न तिथेच राहिला असता.

प्रत्येक मेसेजला तीन वाक्यं जोडायची असंही नाही. ‘येताना दूध आण’ला ‘ओके’ हेच योग्य उत्तर, आणि ग्रुपवरच्या सूचनेला अंगठाही चालतो. मी पाठवण्याआधी एवढंच बघतो : माझं उत्तर वाचून समोरच्याला काही ठरवायचं आहे का? मेसेजमध्ये प्रश्न किंवा वाईट बातमी आहे का? माझा एरवीचा ‘हो रे, बघतो’ आज अचानक ‘ओके’वर तर आला नाहीये ना? सवयीने त्रोटक लिहिणाऱ्याचं ‘ओके’ कोणाला खटकत नाही. खटकतो तो बदल. आणि समोरचा वयाने किंवा हुद्द्याने खालचा असेल तर हे जास्तच बघावं लागतं. काकांनी निदान मला विचारलं. नवा लागलेला ज्युनिअर मॅनेजरच्या ‘नोटेड’चा अर्थ कोणालाच विचारत नाही.