रिव्हर्स का निसटत होता

गेल्या आठवड्यात विहिरीवर जे झालं त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विहिरीच्या वरच्या अंगाला थोडा उतार आहे. तिथं ट्रॅक्टर विहिरीकडं तोंड करून उभा होता. रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, दोन हात मागं आला आणि खडाक् करून गिअर आपोआप न्यूट्रलला. ट्रॅक्टर उताराला लागला, पुढं. पुतण्या पुढच्या चाकाशेजारी उभा. ब्रेक लागला म्हणून ठीक. कठडा तीन-चार फुटांवर राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. चालवून बघितला आणि म्हणाले, "दादा, पूर्ण गिअरबॉक्सच करून घ्या. सगळे शाफ्ट, सगळे गिअर. आत काय काय गेलंय कुणाला माहीत?" हंगाम तोंडावर, उसाची बिलं अजून यायची, आणि म्हणे सगळं करून घ्या. मी म्हटलं, आधी वरचं झाकण काढू, मग ठरवू.

आता आत काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

रसवंतीचा चरका सगळ्यांनी बघितलाय. एकमेकांत अडकलेले दोन गिअर नेहमी उलटसुलट फिरतात, एक उजवा तर दुसरा डावा. गिअरबॉक्समध्ये इंजिनाकडून येणारा शाफ्ट वर असतो. त्याच्यावरचा गिअर खालच्या काउंटर शाफ्टला फिरवतो, म्हणजे दिशा एकदा उलटली. काउंटर शाफ्टवरचा दुसरा, लहान गिअर परत वर मेन शाफ्टवरच्या मोठ्या गिअरला फिरवतो. दिशा दुसऱ्यांदा उलटली, म्हणजे मूळ दिशा परत आली. मेन शाफ्ट इंजिनाच्याच दिशेनं फिरतो, फक्त हळू.

आमच्या गिअरबॉक्सचे दाते मी खडूनं खूण करून मोजले. इंजिनाकडचा गिअर 18 दात्यांचा, तो काउंटरच्या 36 ला फिरवतो. इथं वेग निम्मा झाला. मग काउंटरवरचा 16 दात्यांचा गिअर मेनच्या 38 ला फिरवतो, तिथं तो आणखी 2.375 पट कमी. दोन्ही गुणले की 4.75. इंजिन 2000 फेऱ्यांवर असेल तर पहिल्या गिअरला मेन शाफ्ट साधारण 421 फेऱ्या मारतो. पुढं डिफरन्शियल आणि चाकापर्यंतचे गिअर वेगळे, ते इथं सोडून देऊ.

पुतण्यानं विचारलं, "काका, दोन जोड्या कशाला? एकाच जोडीत करायचं की." केलं असतं तर 16 दात्यांच्या गिअरला 76 दात्यांचा जोडीदार लागला असता. दाते आमच्या मापाचे, म्हणजे 3 मॉड्यूलचे धरले तर तो गिअर जवळपास 23 सेंटीमीटर व्यासाचा झाला असता आणि डबा केवढा तरी मोठा. शिवाय एकाच जोडीत दिशा एकदाच उलटते, म्हणजे पहिल्या गिअरला ट्रॅक्टर मागं पळाला असता.

आणखी एक गंमत आहे. 18 आणि 36 ची बेरीज 54. 16 आणि 38 ची पण 54. ही काही योगायोगाची गोष्ट नाही. इंजिनाकडचा शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकाच रेषेत ठेवायचे आणि दात्यांचं माप सारखंच, तर खालच्या शाफ्टपासूनचं अंतर दोन्ही जोड्यांना सारखं यायला पाहिजे. म्हणून बेरीज सारखी. जीप-टेम्पोच्या गिअरबॉक्समध्ये टॉपला हेच दोन शाफ्ट सरळ एकमेकांना जोडून टाकतात. एका रेषेत असल्यामुळंच ते जमतं.

आता रिव्हर्स. काउंटरवर रिव्हर्सचा गिअर 14 दात्यांचा आणि मेनवरचा 35. बेरीज 49. ती 54 पेक्षा कमी आहे, म्हणून हे दोन गिअर समोरासमोर आले तरी एकमेकांना लागतच नाहीत. दात्यांच्या टोकांमध्ये दीडेक मिलिमीटर फट राहते. मुद्दाम ठेवलेली. बाजूला एका वेगळ्या छोट्या शाफ्टवर 17 दात्यांचा आयडलर असतो, तो या दोघांनाही लागतो. आता गाठी तीन झाल्या, दिशा तीनदा उलटली आणि मेन शाफ्ट उलटा फिरायला लागला.

पुतण्याचा पुढचा प्रश्न, "मोठा आयडलर टाकला तर रिव्हर्स जोरात जाईल का?" नाही. 14 कडून 17 ला जाताना वेग जेवढा कमी होतो, त्यातला 17 पुढं 35 ला देताना कटून जातो. उरतं 35 भागिले 14, म्हणजे अडीच. आधीच्या निम्म्याशी धरून एकूण 5. आयडलर फक्त दिशा ठरवतो, वेगात त्याचा वाटा नाही. आणि त्याच्या शाफ्टचं भोक डब्यात ठरलेल्या जागी पाडलेलं असतं, वेगळ्या दात्यांचा तिथं बसणारच नाही. (काही ट्रॅक्टरमध्ये आयडलर जोडगिअर असतो, एका अंगाला लहान आणि दुसऱ्या अंगाला मोठा. तिथं हा हिशोब लागू नाही, तिथं त्याचे दाते मोजावे लागतात.)

एवढं समजल्यावर मिस्त्रींना म्हटलं, "पुढचे सगळे गिअर गप्प चालतात. म्हणजे 18-36 ची जोडी चांगली, काउंटरची बेअरिंग चांगली. फक्त रिव्हर्सला जे लागतं तेच बघू. तीनच गिअर आहेत." ते हसले, पण बघितलं.

आयडलर हातानं हलवला तर चांगला डुलत होता. आतला बुश झिजलेला. बाहेर काढल्यावर त्याचे दाते दोन्ही अंगांनी चकाकलेले दिसले, काउंटरच्या गिअरचे एकाच अंगानं. बरोबरच आहे. आयडलरच्या दात्याला एका फेरीत एकदा एका अंगानं ढकललं जातं आणि एकदा दुसऱ्या अंगानं त्यालाच ढकलावं लागतं. दोन्हीकडचा दाब शेवटी त्याच्या बुशवर येतो. बुश सैल झाला की आयडलर तिरका बसतो, दाते एका कडेला जास्त झिजून उतरते होतात, आणि जोर आला की मेनवरचा सरकता गिअर त्या उतारावरून बाहेर ढकलला जातो. विहिरीवर झालं ते हेच. ऑईलच्या नटाच्या चुंबकावर पितळी किस नव्हता, कारण चुंबकाला पितळ चिकटत नाही. तो तळाच्या ऑईलमध्ये चमकत होता. मी मागच्या वेळी ऑईल बदलताना नुसता नट पुसला आणि लावला. ती चूक माझी.

35 चे दाते तोंडाशी थोडे खरवडलेले होते, पण चालण्यासारखे. नवा आयडलर, बुश आणि छोटा शाफ्ट एवढंच घेतलं.

बसवल्यावर रिव्हर्स पडेचना. नुसती खरखर. पुन्हा झाकण काढलं. आयडलरच्या एका बाजूला दात्यांची तोंडं गोल घासलेली असतात, सरकता गिअर आत शिरायला. ती बाजू उलटीकडं बसली होती. मिस्त्री म्हणाले, "घाईत झालं, दादा." फिरवून बसवला, पडला.

काल भरलेली ट्रॉली लावून त्याच उतारावर पाच-सहा वेळा मागं घेतला. पुतण्याला लांब उभा केला होता. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बघितलं, थरथर नाही. शंभर तासांनी ऑईल काढून एका पांढऱ्या ताटात बघणार आहे, फोटो टाकीन.