टर्म लोन

टर्म लोनला सुटी नसते. चिखलीच्या जिनिंगमध्ये कापसाची आवक आटली की उन्हाळ्यात रेचे थांबतात, मजूर गावी जातात, आवारात उरलीसुरली सरकी तेवढी पडून असते. कर्ज मात्र रविवारी, पाडव्याला, रेचे थांबलेले असतानाही रोज थोडं थोडं वाढत राहतं. ऑडिटला बसलो की मी आधी त्याची फाइल मागतो. कंपनीचा नफा किती हे नंतर कळलं तरी चालतं. कर्ज कोणाचं, कधी फेडायचं आणि कशावर उभं आहे, हे आधी कळलं पाहिजे.

त्याचं खरं रूप मंजुरीपत्रात असतं. आमच्याकडे सगळे त्याला सँक्शन लेटरच म्हणतात. आठ-दहा पानं, बारीक अक्षर, प्रत्येक पानावर संचालकांच्या सह्या. हप्ता किती, तारीख कोणती, व्याज कसं, तारण काय, कोणकोणत्या अटी मोडल्या तर बँक सगळे पैसे एकदम मागू शकते, हे सगळं तिथं असतं. टॅलीतल्या खात्यात यातलं काहीच दिसत नाही, तिथं फक्त शिल्लक दिसते. म्हणून नुसतं खातं आणि बँकेचा दाखला जुळवून जो उठतो, त्याची कर्जाशी तोंडओळखसुद्धा झालेली नसते.

एक उदाहरण समोर ठेवतो. कारखाना आणि आकडे समजावण्यापुरते मांडलेले आहेत, पण चिखलीत आणि खामगावात अशी कर्जं घरोघर आहेत. एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीने नवे रेचे आणि गठाणी बांधायचा प्रेस घेण्यासाठी ३ कोटींचं टर्म लोन उचललं. पहिलं वर्ष फक्त व्याज भरायचं. मुद्दल १० एप्रिल २०२४ पासून, दरमहा ५ लाख, असे ६० हप्ते. व्याज साडेदहा टक्के, दर महिन्याच्या १० तारखेला हप्त्याबरोबर. कंपनीने एकही हप्ता चुकवला नाही. ३१ मार्च २०२५ ला बारा हप्ते गेलेले होते आणि मुद्दल उरलं होतं २ कोटी ४० लाख.

ताळेबंदाच्या कच्च्या प्रतीत ही सगळी रक्कम ‘दीर्घ मुदतीची कर्जे’ या ओळीखाली उभी होती. अशा वेळी अकाउंटंट जे म्हणतो ते ठरलेलं असतं: “साहेब, लोन पाच वर्षांचं हाय न? मंग लाँग टर्मच झालं की!”

त्याला मी हप्त्यांचं वेळापत्रक उघडायला लावतो. १० एप्रिल २०२५ पासून १० मार्च २०२६ पर्यंत आणखी बारा हप्ते पडणार, म्हणजे ६० लाख. ते ताळेबंदाच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत द्यायचे आहेत, म्हणून ती चालू देणी झाली. कर्ज घेताना किती वर्षांचं होतं याला इथं काही अर्थ नाही. ३१ मार्चला उभं राहून पुढे पाहायचं आणि वर्षाच्या आत काय पडतं ते मोजायचं. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २०२१ साली बदल झाला. त्याआधी हा भाग ‘इतर चालू देणी’मध्ये जायचा. आता तो ‘अल्प मुदतीची कर्जे’ या ओळीखाली, दीर्घ मुदतीच्या कर्जाचा चालू भाग म्हणून वेगळा दाखवायचा. जुना नमुना तसाच पुढे ओढणाऱ्यांकडे तो अजून चुकीच्या घरात सापडतो. तर आपलं कर्ज असं दुभागलं: १ कोटी ८० लाख दीर्घ मुदतीचं, ६० लाख चालू.

एकूण देणं एका रुपयाने बदललं नाही, मग मालकाचा चेहरा का उतरतो? कंपनीची चालू मालमत्ता ४ कोटी २० लाख होती आणि चालू देणी कच्च्या प्रतीत ३ कोटी १५ लाख. गुणोत्तर बरोबर १.३३, म्हणजे बँका बहुतेकदा मागतात तेवढंच. त्या देण्यांत ६० लाख मिळवले की ती ३ कोटी ७५ लाख होतात आणि गुणोत्तर १.१२ वर येतं. कच्च्या प्रतीतला ‘पाच वर्षांचं लोन’ हा भोळेपणा नेहमीच भोळा असतो असं नाही. म्हणून ज्या वर्षी गुणोत्तर नेमकं १.३३ वर टेकलेलं दिसतं, त्या वर्षी मी हप्त्यांचं वेळापत्रक आधी उघडतो.

मग पुढचा युक्तिवाद येतो, की बँकेशी बोलणं झालंय, मे महिन्यात हप्ते पुढे ढकलून मिळणार आहेत. मिळोत बापडे. पण ३१ मार्चला कंपनीच्या हातात बारा महिने थांबण्याचा हक्क होता का, एवढाच प्रश्न आहे. तो बिनशर्त हवा आणि त्या दिवशी हवा. मेमधलं पत्र टीपेत सांगता येईल, मार्चचा ताळेबंद त्याने बदलत नाही.

उलट बाजूचीही भीती असते. गुणोत्तराची अट मोडली म्हणून बँक सगळं कर्ज परत मागू शकते, तर उरलेले १ कोटी ८० लाखही चालूत न्यायचे का? आपल्या सनदी लेखापाल संस्थेच्या मार्गदर्शक टिपणात, जुन्या लेखामानकांवर चालणाऱ्या अशा कंपन्यांसाठी, व्यवहाराला धरून उत्तर दिलेलं आहे. अट किरकोळ मोडली असेल आणि हिशेब मंजूर होईपर्यंत बँकेने कर्ज प्रत्यक्ष परत मागितलं नसेल, तर ते दीर्घ मुदतीचंच ठेवता येतं. पण त्यासाठी बँकेचा पत्रव्यवहार हिशेब मंजुरीच्या दिवसापर्यंत वाचावा लागतो. ‘नोटीस-बिटीस काही नाही साहेब’ एवढं तोंडी ऐकून ही सवलत मी घेऊ देत नाही.

टर्म लोनचा भाऊबंद म्हणजे घरचं कर्ज. संचालकाच्या पत्नीचे, भावाचे, मेहुण्याचे पैसे. कागद नाही, तारीख नाही. ‘हे काय लगेच मागणार आहेत का’ म्हणून ते दीर्घ मुदतीत टाकलेलं असतं. मेहुणा मागणार नाही हे खरंही असेल, पण मागितलं तर थांबवायचा हक्क कंपनीकडे कुठं आहे? तो नसेल तर ते अल्प मुदतीचंच. अपवाद बहुधा सँक्शन लेटरमध्येच सापडतो: टर्म लोन फिटेपर्यंत घरचे पैसे काढणार नाही, असं हमीपत्र बँकेने घेतलेलं असतं. तो कागद आणि घरच्यांची सही दोन्ही मिळाली, तर ते पैसे खुशाल वर जाऊ देत.

आता कर्ज रोज वाढतं म्हणालो त्याबद्दल. शेवटचा हप्ता १० मार्चला गेला, पुढचा १० एप्रिलला. मधले ११ ते ३१ मार्च हे २१ दिवस कोणाचे? चालू वर्षाचेच. २ कोटी ४० लाखांवर साडेदहा टक्क्यांनी २१ दिवसांचं व्याज होतं १,४४,९८६ रुपये. ते झालेलं आहे, पण अजून देय झालेलं नाही. याच नावाने चालू देण्यांत वेगळं दाखवायचं. तारीख उलटूनही न भरलेलं व्याज ही निराळी गोष्ट, ते देय झालेलं व्याज. दोन्ही एका ओळीत मिसळली की थकबाकी लपते, आणि थकबाकी असेल तर ती किती रकमेची आणि किती दिवसांची हे कायद्याने सांगावंच लागतं.

हे २१ दिवस निसटलेत हे ओळखायला मोठी यातायात लागत नाही. वर्षाच्या सुरुवातीला मुद्दल ३ कोटी, शेवटी २ कोटी ४० लाख, सरासरी २ कोटी ७० लाख. साडेदहा टक्क्यांनी २८ लाख ३५ हजार. मागच्या मार्चची तरतूद नीट उलटवलेली असूनही व्याजखात्यात २६ लाख ८५ हजारांच्या आसपास दिसत असेल, तर दीड लाख कुठे गेले? याच तीन आठवड्यांत. मोठ्या कॅश क्रेडिटला ही अडचण सहसा येत नाही, कारण बँक महिनाअखेरीलाच व्याज नावे टाकते. हप्त्याची तारीख महिन्याच्या मधली असते, तिथंच हे घडतं.

उरलं तारण. टर्म लोन कागदावर एकटं दिसतं, पण ते अनेकांच्या खांद्यावर उभं असतं. कारखान्याची अकृषिक जमीन हक्कपत्रं ठेवून गहाण. रेचे आणि प्रेस नजरगहाण. संचालकाच्या घराचं जादा तारण. वर संचालकांची वैयक्तिक हमी. ताळेबंदाच्या टीपेत मात्र एकच वाक्य असतं: ‘कंपनीच्या मालमत्तेच्या तारणावर.’ हे पुरत नाही. प्रत्येक कर्जापुढे त्याच्या तारणाचं स्वरूप वेगळं लिहायचं असतं, आणि संचालकांची हमी असेल तर तेवढी रक्कमही. उधारीवर माल देणारा व्यापारी ती टीप वाचूनच ठरवतो, की कंपनी बुडाली तर बँकेचं भागून त्याच्यासाठी मागे काय उरेल.

म्हणून तारण मी चार ठिकाणी पाहतो. सँक्शन लेटर. सातबाऱ्याचा इतर हक्कांचा रकाना, जिथं बँकेचा बोजा चढतो. दुय्यम निबंधकाकडे दिलेली हक्कपत्रं ठेवल्याची सूचना. महाराष्ट्रात ती ३० दिवसांत द्यावी लागते. आणि कंपनी निबंधकाच्या संकेतस्थळावरची बोजांची यादी, जिथं CHG-1 भरलेला असायला हवा. त्यालाही मुदत ३० दिवसांचीच, पुढे जादा शुल्क. चारही ठिकाणी रक्कम, मालमत्ता आणि बँक एकच निघाली तर टीप खरी. बहुधा कुठेतरी फट सापडते: कर्ज वाढवून घेतलं, पण निबंधकाकडे जुनीच रक्कम, किंवा बँक बदलली आणि आधीच्या बँकेचा बोजा तसाच बसलेला.

हा शेवटचा प्रकार आमच्या भागात फार दिसतो, कारण कर्ज फिटल्यावर त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. आपल्या उदाहरणात ३१ मार्च २०२८ ला उरलेले ६० लाख सगळे चालूत येतील आणि दीर्घ मुदतीच्या ओळीत या कर्जाचं नाव उरणार नाही. १० मार्च २०२९ ला साठावा हप्ता जाईल आणि खातं शून्य होईल. त्यानंतर ३० दिवसांत CHG-4 भरून बोजा उतरवायचा, चुकलं तर जादा शुल्कासह ३०० दिवसांपर्यंत. सातबाऱ्यावरचा बोजा त्यातून आपोआप जात नाही. बँकेचं ना-हरकत पत्र घेऊन तलाठ्याकडे वेगळा अर्ज आणि वेगळा फेरफार. मुदत उलटूनही निबंधकाकडची नोंद राहिली असेल, तर ती का राहिली हे ताळेबंदाच्या टीपेत लिहायचं, मग कर्जाची शिल्लक कितीही वर्षं शून्य असो.